सणाच्या मोहिमेचा समारोप-अहवाल: श्रेय कशाला द्यावे आणि चूक कशी नोंदवावी

प्रश्न: सणाच्या निमित्ताने आम्ही तीन आठवड्यांची जाहिरात मोहीम चालवली. विक्री गेल्या वर्षीपेक्षा चांगली झाली. आता वरिष्ठांनी समारोप-अहवाल मागितला आहे. काय चालले, काय फसले हे नेमके कसे ठरवायचे, आणि पुढच्या वर्षी खरोखर उपयोगी पडेल असे त्यात काय लिहायचे?

उत्तर:

आपण ‘विक्री चांगली झाली’ असे लिहिले आहे, तिथूनच सुरुवात करतो, कारण बहुतेक समारोप-अहवाल याच वाक्यावर घसरतात. सणाच्या दिवसांत लोक खरेदी करतातच. पावसाळ्यात नदीला पाणी वाढले, तर त्याचे श्रेय नावाड्याला देता येत नाही. अहवालाला उत्तर द्यायचे असते ते एवढ्याच प्रश्नाचे, की मोहीम केली नसती तर यातली किती विक्री झाली नसती. बाकीचे आलेख, टक्केवाऱ्या आणि छायाचित्रे या एका उत्तराच्या सेवेला असावीत.

पहिली काळजी तुलनेच्या तारखांची घ्यावी. ज्या सणाची तारीख दरवर्षी पुढेमागे सरकते, त्याच्या विक्रीची तुलना महिन्याशी महिना लावून केली तर आकडा हमखास फसवतो. मी या कामात नवा होतो तेव्हा ‘महिन्याची विक्री सव्वापट झाली’ असे ठळक अक्षरांत लिहून अहवाल सादर केला होता. बैठकीत हिशेब विभागातल्या एका ज्येष्ठ बाईंनी शांतपणे विचारले, “सण यंदा बारा दिवस आधी आला ना हो?” गेल्या वर्षी जी खरेदी पुढच्या महिन्यात मोडली होती, ती यंदा या महिन्यात आली होती, एवढेच झाले होते. तेव्हापासून मी सणाच्या दिवसाला शून्य धरतो आणि त्याच्या आधीच्या दिवसांना उणे एक, उणे दोन असे क्रमांक देऊन दोन्ही वर्षे शेजारी मांडतो. तरीही आठवड्याचा वार जुळत नाही. सणाआधीची शेवटची सुट्टी एका वर्षी उणे दोनला आणि दुसऱ्या वर्षी उणे सहाला येऊ शकते. त्यामुळे एकेका दिवसाची तुलना न करता शेवटचे सात दिवस, त्याआधीचे सात आणि त्याआधीचे सात असे तीन गठ्ठे करून पाहावे. गठ्ठ्यांत जो फरक दिसतो तो बऱ्यापैकी विश्वासाचा असतो.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे श्रेयाचा. एक उदाहरण आकड्यांसकट मांडतो. आकडे समजावण्यापुरते घेतलेले आहेत, हिशेबाची रीत मात्र रोजच्या कामातली आहे.

समजा, ग्राहकांच्या यादीत 50,000 नावे आहेत. मोहीम सुरू होण्यापूर्वी यातली 5,000 नावे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, कोणताही निकष न लावता बाजूला काढली आणि त्यांना संदेश पाठवला नाही. याला राखीव गट म्हणू. उरलेल्या 45,000 जणांना संदेश गेला आणि त्यासोबत दहा टक्के सुटीचे कूपन गेले. राखीव गटाला ते कूपन मिळाले नाही. तीन आठवड्यांनंतर डॅशबोर्डने सांगितले की कूपन वापरून 1,900 ऑर्डर आल्या. अहवाल इथेच थांबला असता तर ‘संदेशांमुळे 1,900 ऑर्डर’ असे वाक्य त्यात गेले असते, आणि पुढच्या वर्षीचा खर्च त्यावर ठरला असता.

परंतु राखीव गटाकडे पाहिले तर कोणताही संदेश न मिळालेल्या 5,000 जणांपैकी 250 जणांनी, म्हणजे पाच टक्क्यांनी, खरेदी केलीच होती. संदेश मिळालेल्या 45,000 जणांपैकी कूपनसह आणि कूपनविना मिळून 2,700 जणांनी, म्हणजे सहा टक्क्यांनी खरेदी केली. फरक एका टक्क्याचा आहे. 45,000 चा एक टक्का म्हणजे 450. संदेश आणि कूपन यांनी मिळून घडवून आणलेल्या ऑर्डर एवढ्याच. डॅशबोर्डवरचे उरलेले 1,450 ग्राहक खरेदीला येणारच होते, त्यांनी वाटेत पडलेले कूपन उचलले.

याचा नफ्याशी ताळा घालणे आवश्यक आहे. छापील किंमत 100 मानली आणि त्यात सर्व थेट खर्च वजा जाता 30 उरतात असे धरले, तर दहाची सूट दिल्यावर 20 उरतात. नव्याने घडलेल्या 450 ऑर्डरींनी 9,000 मिळवून दिले. जे येणारच होते त्या 1,450 जणांना प्रत्येकी दहाची सूट विनाकारण दिली, म्हणजे 14,500 सोडून दिले. संदेश पाठवण्याचा खर्च धरण्याआधीच 5,500 ची तूट आहे. ज्या मोहिमेबद्दल सगळे एकमेकांचे अभिनंदन करत होते, तिचे हे चित्र आहे.

तरीही अहवालात ‘कूपन तोट्यात गेले’ असे छातीठोकपणे लिहिण्याची घाई करू नये. राखीव गट 5,000 चाच असल्यामुळे एक टक्क्याचा तो फरक योगायोगाने थोडा कमी-जास्त असू शकतो. नेहमीच्या 95 टक्के खात्रीच्या हिशेबाने तो सुमारे 0.36 ते 1.64 टक्के इतक्या पट्ट्यात येतो, म्हणजे नव्या ऑर्डर साधारण 160 ते 740 यांच्या दरम्यान कुठेही असू शकतात. ना नफा ना तोटा अशी स्थिती येण्यासाठी 633 ऑर्डर नव्याने घडायला हव्या होत्या. तो आकडा पट्ट्याच्या आत आहे, जरी वरच्या टोकाकडे असला तरी. म्हणून प्रामाणिक वाक्य असे होईल: ‘संदेश आणि कूपन यांच्यामुळे मिळून विक्री वाढली हे खात्रीने म्हणता येते; त्यातून नफा झाला असण्याची शक्यता कमी आहे, परंतु ती पूर्णपणे नाकारता येत नाही.’ वरिष्ठांना असे वाक्य रुचत नाही, हे मला ठाऊक आहे. त्यांना हो किंवा नाही हवे असते. पण जे वाक्य पुढच्या वर्षी खोटे ठरणार नाही तेच अहवालात ठेवावे.

इथे एक सूक्ष्म भेद नोंदवून ठेवणे गरजेचे आहे. या उदाहरणात राखीव गटाला संदेशही मिळाला नाही आणि सूटही मिळाली नाही, त्यामुळे मोजला गेलेला परिणाम दोहोंचा एकत्रित आहे. सूट सर्वांनाच खुली असती आणि फक्त संदेश राखीव गटापासून दूर ठेवला असता, तर मोजला गेला असता केवळ आठवण करून देण्याचा परिणाम. दोन्ही प्रयोग योग्यच आहेत, मात्र कोणता केला हे लिहिले नाही तर पुढच्या वर्षी वाचणारा पहिल्याचा निष्कर्ष दुसऱ्याला लावून मोकळा होतो.

आपण यंदा राखीव गट ठेवला नसेल, तर आता तो मागाहून तयार करता येत नाही. ज्यांनी संदेश उघडला नाही त्यांना राखीव गट समजण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. न उघडणारे मुळातच कमी रस असलेले ग्राहक असतात, आणि त्यांच्याशी तुलना केली की संदेशाचा परिणाम फुगलेला दिसतो. त्यापेक्षा ज्या वस्तूंची जाहिरात केली नव्हती त्यांची विक्री गेल्या वर्षीपेक्षा किती बदलली ते पाहावे. त्या वस्तूंची विक्री 12 टक्क्यांनी वाढली आणि जाहिरात केलेल्यांची 20 टक्क्यांनी, तर मोहिमेच्या बाजूने बोलताना आठ टक्क्यांच्या आसपास थांबावे, आणि हा केवळ अंदाज आहे असे त्याच वाक्यात म्हणावे. यातही एक खाच आहे. जाहिरातीने दुकानात आलेला माणूस जाहिरात नसलेली वस्तूही उचलतो, आणि कधी एका वस्तूच्या जाहिरातीमुळे दुसरी वस्तू मागे पडते. त्यामुळे तुलनेसाठी शक्य तितक्या वेगळ्या गटातल्या वस्तू निवडाव्यात.

अहवाल कधी लिहावा, याचेही उत्तर श्रेयाच्या हिशेबातच दडलेले आहे. सण संपल्यानंतर दोन-चार दिवसांत लिहिलेल्या अहवालात परत आलेला माल दिसत नाही. भेट म्हणून घेतलेल्या वस्तू सणानंतरच परत येतात, आणि परतीची मुदत संपेपर्यंत विक्रीचा आकडा पक्का होत नाही. दुसरे म्हणजे, मोहिमेने काही ग्राहकांची पुढची खरेदी फक्त अलीकडे ओढलेली असते. आपल्याच उदाहरणात पुढच्या चार आठवड्यांत संदेश मिळालेल्यांपैकी दोन टक्क्यांनी आणि राखीव गटापैकी अडीच टक्क्यांनी खरेदी केली असे समजू. मग एका टक्क्याच्या फायद्यातला अर्धा टक्का परत गेला, आणि 450 च्या 225 ऑर्डर उरल्या. म्हणून मी दोन आवृत्त्या लिहितो. पहिली आठवड्याभरात, फक्त घटनांची आणि चुकांची, कारण त्या आठवणीतून लवकर पुसल्या जातात. दुसरी परतीची मुदत आणि वरचे चार आठवडे उलटल्यावर, आकड्यांची. पहिल्या आवृत्तीवर ‘आकडे तात्पुरते’ असे प्रत्येक पानावर छापतो, कारण कोणी तरी त्यातलाच एखादा आकडा उचलून वर्षभर मिरवतो, असा अनुभव आहे.

आता फसलेल्या गोष्टींकडे वळू. सणाच्या मोहिमेतले सर्वांत महागडे अपयश अनेकदा यशाच्या रकान्यात नोंदलेले सापडते, आणि ते म्हणजे संपलेला माल. दहा दिवसांच्या मोहिमेत एका वस्तूचे 600 नग पहिल्या तीन दिवसांतच संपले असे समजा. अहवालात ‘शंभर टक्के साठा विकला गेला’ असे अभिमानाने लिहिले जाते. पुढच्या वर्षी खरेदी विभाग तो अहवाल उघडतो, 600 हा आकडा पाहतो, त्यात थोडी भर घालून 700 मागवतो, आणि तोच प्रकार पुन्हा घडतो. 600 ही मागणी नव्हती. ती साठ्याची भिंत होती, आणि मागणी तिला येऊन थडकली.

मग मागणी किती होती? रोजचे 200 धरून दहा दिवसांचे 2,000 असा सरळ गुणाकार करणे ही उलट बाजूची चूक आहे, कारण मोहिमेचे पहिले दिवस बहुधा जोराचे असतात आणि सगळे दिवस सारखे नसतात. त्याऐवजी त्याच प्रकारातली, पण शेवटपर्यंत उपलब्ध राहिलेली एखादी वस्तू शोधावी आणि तिच्या दहा दिवसांच्या विक्रीपैकी पहिल्या तीन दिवसांत किती झाली ते पाहावे. समजा ते प्रमाण 40 टक्के निघाले. तर 600 ला 0.4 ने भागून 1,500 येतात. हा अंदाज अचूक नाही, शिवाय पहिली वस्तू संपल्यावर तिचे काही ग्राहक दुसरीकडे वळले असल्यास 40 टक्के हे प्रमाण मुळात आणखी जास्त असायला हवे होते, म्हणजेच 1,500 हा आकडा किंचित फुगलेला आहे. तरीही खरेदी विभागाच्या हाती 600 देण्यापेक्षा ‘1,500 च्या जरा खाली’ देणे कितीतरी बरे. यासाठी प्रत्येक वस्तूच्या विक्रीशेजारी ‘किती दिवस उपलब्ध होती’ असा एक रकाना असावा. माझ्या मते संपूर्ण अहवालात हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी रकाना आहे.

याच अपयशाची दुसरी बाजू सहसा कोणी पाहत नाही. माल संपल्यावर जाहिरात थांबली का? जाहिरातीवरील क्लिकची तासवार यादी आणि साठ्याची तासवार नोंद एकाच कागदावर, एकाच वेळरेषेवर मांडली की ते लगेच दिसते. एका मोहिमेत मी असा कागद तयार केला, तेव्हा वस्तू मंगळवारी दुपारी संपली होती आणि तिची जाहिरात शुक्रवारी सकाळपर्यंत चालू होती. साठ्याचा तक्ता गोदामाकडे होता, जाहिरातीचा एजन्सीकडे, आणि दोघांचेही आपापले काम बिनचूक चालले होते. मधल्या काळात आलेला प्रत्येक ग्राहक ‘उपलब्ध नाही’ ही पाटी वाचून परत जात होता, आणि त्याला आणण्याचे पैसे आपण भरत होतो. असे दोन तक्ते वेगवेगळ्या विभागांत पडून असतात तोवर दोन्ही निर्दोष दिसतात.

चूक नोंदवताना कारणापर्यंत जावे, पण व्यक्तीपर्यंत जाऊ नये. ‘मुख्य संदेश दोन दिवस उशिरा गेला’ ही घटना झाली. ‘डिझाइन विभागाने उशीर केला’ हा आरोप झाला, आणि असे वाक्य आले की पुढच्या वर्षी त्या विभागातले लोक अहवालाला माहितीच देत नाहीत. कागदपत्रे उलटून पाहिली तर बहुतेकदा असे निघते की चित्र वेळेत तयार होते, पण त्यावर छापायची अंतिम किंमत ठरलेली नव्हती. किंमत ठरली नव्हती कारण पुरवठादाराचा दर यायचा होता. आणि तो दर मागण्याची तारीखच वेळापत्रकात कुणी लिहिली नव्हती. बदलता येण्याजोगी गोष्ट या साखळीच्या शेवटच्या कडीत आहे, तीच अहवालात यावी. यासाठी मोहीम चालू असतानाच एक साधी वही ठेवलेली असली तर फार बरे: तारीख, वेळ, काय घडले, कोणी काय ठरवले. संकेतस्थळ किती वाजता बंद पडले, प्रतिस्पर्ध्याने मोठी सूट केव्हा जाहीर केली, संदेशातला दुवा चुकीचा असल्याचे केव्हा लक्षात आले, हे महिन्याभराने कोणालाच नेमके आठवत नाही. आपण वही ठेवली नसेल तर निदान या आठवड्यात सर्वांचे मेल आणि गटातले संदेश चाळून ती उभी करा. जाहिरात मंचांवरचा तपशीलवार डेटाही आत्ताच उतरवून आपल्याकडे ठेवा. वर्षभराने तो त्याच रूपात मिळेल याचा भरवसा नसतो.

धड्यांचा भाग शेवटी येतो आणि सहसा सर्वांत पोकळ असतो. ‘तयारी लवकर सुरू करावी’, ‘विभागांत समन्वय वाढवावा’ ही वाक्ये मी इतक्या अहवालांत वाचली आहेत की त्यांचा एक शिक्काच करून घ्यावा असे वाटते. धडा असा लिहावा की तो वाचून कोणीतरी दिनदर्शिकेत खूण करू शकेल. वरच्या दोन चुकांचे धडे असे होतील: ‘पुरवठादाराचा दर उणे 45 पर्यंत मागवावा आणि अंतिम किंमत उणे 30 ला गोठवावी, जबाबदारी खरेदी प्रमुखाची, त्या दिवशी किंमत ठरली नसेल तर ती वस्तू मुख्य संदेशातून वगळावी.’ आणि, ‘साठा सुरुवातीच्या 15 टक्क्यांवर आला की गोदामाने एजन्सीला कळवावे आणि एजन्सीने त्याच दिवशी त्या वस्तूची जाहिरात थांबवावी.’ यात तारीख किंवा पातळी आहे, माणूस आहे आणि न झाल्यास काय करायचे तेही आहे. असे चार-पाच धडे पुरेत. वीस लिहिले तर एकही पाळला जात नाही. अहवाल पूर्ण झाल्यावर हे धडे तिथेच सोडू नका. पुढच्या वर्षीच्या नियोजनाचा कोरा तक्ता आजच उघडून त्या-त्या दिवसापुढे उतरवून ठेवा, कारण घाईच्या दिवसांत जुना अहवाल कोणी शोधत नाही, तक्ता मात्र रोज उघडला जातो.

एक छोटा भाग ‘बदलू नये’ या शीर्षकाखाली जरूर ठेवावा. जे व्यवस्थित चालले ते अहवालात दिसत नाही, आणि मग पुढच्या वर्षी नवा उत्साही माणूस येऊन नेमके तेच बदलतो.

आणि ज्याचे उत्तर यंदा मिळाले नाही तो प्रश्नही अहवालात मागणी म्हणून नोंदवा. आपल्या उदाहरणात तो कूपनचा आहे. पुढच्या वर्षी राखीव गट 5,000 ऐवजी 10,000 चा ठेवला, तर 0.36 ते 1.64 हा पट्टा साधारण पाव भागाने अरुंद होईल. त्याची किंमतही लपवू नये: आणखी 5,000 जणांना संदेश न पाठवल्याने, यंदाच्याच दराने, सुमारे 50 ऑर्डर कमी होतील. या दोन ओळी शेजारीशेजारी लिहून त्याखाली मंजुरीच्या सहीसाठी जागा सोडा, आणि सही आत्ताच घ्या; सणाच्या तोंडावर, एकेक ऑर्डर मोजली जात असताना, 5,000 ग्राहकांना मुद्दाम बाजूला ठेवण्याची परवानगी कोणीही देत नाही.